इतिवृत्तातली एक ओळ की स्वतंत्र बदल-नोंद? टॉवेल कारखान्यातल्या आठ मागांवरून तुलना

प्रकल्प अर्ध्यावर आला की मालकाला काहीतरी नवीन सुचतं, आणि बऱ्याचदा ते योग्यच असतं. शेडचे खांब उभे राहिले की मोकळी जागा डोळ्यांना दिसायला लागते, तेवढ्यात एखादी मोठी ऑर्डर येते आणि स्टिअरिंग कमिटीच्या बैठकीत ठरतं की मूळ आराखड्यात नसलेलं काम आत्ताच करून घ्यायचं. प्रश्न पुढे येतो. हा निर्णय कागदावर कसा आणायचा? सोलापुरातल्या कारखान्यांत दोन पद्धती दिसतात. एकीत बैठकीच्या इतिवृत्तात एक विषय म्हणून तो लिहिला जातो. दुसरीत त्या बदलाची क्रमांक दिलेली स्वतंत्र नोंद होते आणि खर्च, वेळ आणि मंजुरी देणारा या तिन्ही गोष्टी तिच्यात येतात. ज्यांच्यासमोर येत्या महिन्यात अशी बैठक आहे आणि कुठली पद्धत घ्यावी हे ठरत नाही, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

माझं मत आधीच सांगतो. बदल एकाच कंत्राटदाराच्या कामात संपत असेल, तारीख हलत नसेल आणि पैसे मंजूर खर्चातूनच निघत असतील, तर इतिवृत्त पुरतं. यातली एक जरी अट मोडली तरी स्वतंत्र नोंद करावी, मग मालक कितीही घाईत असो.

उदाहरण

चिंचोळी एमआयडीसीत एक टेरी टॉवेलचा कारखाना नवीन विणाई शेड बांधतो आहे असं धरू. असे प्रकल्प सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. इथले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते बाजारभाव म्हणून वापरू नका. मूळ आराखडा 24 रेपियर मागांचा, मंजूर प्रकल्पखर्च 18.40 कोटी आणि उत्पादन सुरू करायची तारीख 15 ऑक्टोबर. 12 जूनच्या बैठकीत उत्पादन प्रमुखांनी मागणी ठेवली की शेडच्या पूर्वेकडच्या रिकाम्या भागात आणखी 8 माग बसवावेत. चर्चा झाली, कोणाची हरकत नव्हती.

इतिवृत्तात हे असं आलं:

> विषय 4. नवीन शेडमध्ये 8 जादा माग बसवण्याबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर. अंदाजे खर्च रु. 3.20 कोटी. काम पूर्ण होण्यास साधारण एक महिना जास्त लागेल. संबंधितांनी पुढील कार्यवाही करावी.

भाषा स्वच्छ आहे, कुणालाही कळेल. त्याच बदलाची स्वतंत्र नोंद केली तर ती याच्या शेजारी अशी दिसते:

| मुद्दा | इतिवृत्तात | बदल क्र. 07 मध्ये |
|---|---|---|
| काम | 8 जादा माग | 8 माग, त्यांचे पाये, बीम, ह्युमिडिफिकेशनची वाढ, 315 ऐवजी 400 केव्हीए ट्रान्सफॉर्मर. सायझिंग मशीन आणि डाय हाऊसची वाढ यात नाही |
| खर्च | अंदाजे 3.20 कोटी | 3.96 कोटी, प्रकल्पखर्च 18.40 वरून 22.36 कोटी |
| वेळ | साधारण एक महिना | पहिले 24 माग: 15 ऐवजी 20 ऑक्टोबर, नवीन 8 माग: 22 नोव्हेंबर |
| मंजुरी | सर्वानुमते | कमिटीची शिफारस 12 जून. संचालक मंडळाचा ठराव 18 जून. बँकेची मंजुरी 3 जुलैपर्यंत |

आता हे फरक कुठून आले ते बघू. सगळ्यांत जास्त वाद वेळेवरून होतात, पण सुरुवात खर्चापासून करतो, कारण वेळेचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

खर्च: माग आठ, पण बिल फक्त मागांचं नाही

इतिवृत्तातले 3.20 कोटी म्हणजे एका मागाचे 40 लाख गुणिले आठ. बैठकीत कुणीतरी मागाच्या पुरवठादाराला फोन लावला, त्याने दर सांगितला आणि तो लिहून घेतला. आकडा खोटा नाही. पण तो फक्त यंत्राचा आहे.

माग कुठे बसणार, कशावर चालणार आणि कशात चालणार, हे विचारत गेलं की रक्कम वाढत जाते. पाये आणि केबलच्या चाऱ्या यांना 14 लाख. टेरी मागाला जमिनीच्या ताण्याचा एक आणि लुपाच्या ताण्याचा एक असे दोन बीम लागतात, शिवाय बदलीचे हवेत. त्यांना 9 लाख. उभारणी आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाला 5 लाख.

ह्युमिडिफिकेशनचे 26 लाख हा सर्वांत सहज विसरला जाणारा आकडा आहे. शेडमध्ये किती हवा खेळवायची हे तिथल्या यंत्रांच्या उष्णतेवर ठरतं. 24 मागांसाठी ठरवलेल्या प्लांटवर 32 माग चालवले की हवा कमी पडते, शेड तापते आणि आर्द्रता उतरते. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि ताण्याचे धागे तुटायला लागतात. सोलापुरात याची आणखी एक अडचण आहे. उत्पादन ऑक्टोबरात सुरू झालं तर पहिले काही महिने सगळं ठीक वाटतं. त्रास एप्रिलमध्ये सुरू होतो, बाहेर चाळीशीच्या वरचं कोरडं ऊन असतं तेव्हा. तोवर प्रकल्प बंद झालेला असतो, ठेकेदार निघून गेलेला असतो आणि वाढीव पंख्यांचे पैसे कुठल्याच खात्यात नसतात. मागाच्या जादा थांब्यांचं खापर मग सुताच्या दर्जावर फुटतं.

उरले विजेचे 22 लाख. प्रत्येक मागाचा भार 7 किलोवॉट धरला तर 24 मागांचे 168, ह्युमिडिफिकेशनचे 45, कॉम्प्रेसर-दिवे वगैरे 40, एकूण 253 किलोवॉट. 0.95 पॉवर फॅक्टरने हे सुमारे 266 केव्हीए होतात. 315 चा ट्रान्सफॉर्मर याला पुरतो. 32 माग आणि वाढलेलं ह्युमिडिफिकेशन धरलं की 327 किलोवॉट, म्हणजे 344 केव्हीए. आता 315 चालणार नाही. 400 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, मोठं पॅनेल आणि महावितरणकडे दिलेल्या अर्जात वाढीव मागणी, हे सगळं आलं.

सर्व बेरीज 396 लाख. इतिवृत्तातल्या रकमेपेक्षा 76 लाख जास्त, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. या 76 लाखांतलं काहीही ऐनवेळी उद्भवलेलं नाही. 12 जूनला विचारलं असतं तर 12 जूनलाच कळलं असतं. स्वतंत्र नोंदीत "या बदलामुळे आणखी काय बदलतं" असा रकाना असतो आणि तो स्थापत्य, विद्युत, यंत्र, युटिलिटी या प्रत्येक शाखेच्या माणसाकडून भरून घ्यावा लागतो. इतिवृत्त लिहिणाऱ्याकडून ही अपेक्षाच नसते. त्याचं काम चर्चा उतरवून घेण्याचं. पद्धतीतला खरा फरक हा आहे.

पैसे कुठून येणार हा त्याच रांगेतला प्रश्न. मंजूर खर्चात 70 लाख आकस्मिक तरतूद आहे आणि बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "थोडे कंटिंजन्सीतून भागवू." नोंदीत याला स्पष्ट नकार लिहावा. ती तरतूद ठरलेल्या कामातल्या जोखमींसाठी आहे, म्हणजे पायात खडक लागला, पोलादाचा भाव चढला, पावसाने काम अडलं यासाठी. नवीन कामाला नवीन पैसा लागतो. बदल क्र. 07 मध्ये म्हणून लिहिलं आहे: 1.16 कोटी स्वतःचं भांडवल, 2.80 कोटी वाढीव मुदत कर्ज, आकस्मिक तरतुदीला हात लावायचा नाही. तसंच कोटेशनची मुदत 10 जुलै आहे आणि आयात मागाचा दर कुठल्या विनिमय दराने धरला, हेही लिहिलं आहे. पुढे रुपया घसरला तर वाढ कशाची होती ते यावरून दाखवता येतं.

वेळ: "साधारण एक महिना" कुणाचा?

इतिवृत्तातलं सर्वांत महाग वाक्य हे आहे. हा महिना कशाला जोडायचा? सगळ्या कारखान्याला की फक्त नवीन आठ मागांना? त्या खोलीत स्थापत्य ठेकेदार, विद्युत ठेकेदार आणि छताचं काम करणारा बसलेले असतात. इतिवृत्ताची प्रत तिघांनाही जाते. तिघेही तो महिना आपल्या नावावर धरतात. छतवाल्याचा नवीन मागांशी काहीही संबंध नसतो, पण जुलैअखेर त्याचं काम रेंगाळलं की तो हेच पान पुढे करतो.

नोंदीतला वेळेचा भाग पूर्ण देतो, कारण त्यात अंदाज कमी आणि मोजणी जास्त आहे:

> नवीन 8 माग: एलसी, म्हणजे पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी, 5 जुलैला उघडल्यास माल 16 आठवड्यांनी, म्हणजे 25 ऑक्टोबरला साइटवर. उभारणी तीन आठवडे, चाचणी एक आठवडा. उत्पादन 22 नोव्हेंबर.
> पहिले 24 माग: वीजपुरवठा 10 सप्टेंबरला अपेक्षित होता, गरज 22 सप्टेंबरला, मोकळीक 12 दिवस. 400 केव्हीए ट्रान्सफॉर्मर, वाढीव मागणीची मंजुरी आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी यामुळे पुरवठा 27 सप्टेंबरला. विलंब 17 दिवस, मोकळीक वजा जाता 5 दिवस. उत्पादन 15 ऐवजी 20 ऑक्टोबर.
> मुदतवाढ: स्थापत्य ठेकेदारास फक्त 8 नवीन पायांपुरती 9 दिवस. विद्युत ठेकेदारास 17 दिवस. ह्युमिडिफिकेशन पुरवठादारास वाढीव भागापुरती 10 दिवस. त्याच्या कामात 21 दिवसांची मोकळीक असल्याने उत्पादनावर परिणाम नाही. इतर सर्व कंत्राटांच्या तारखा पूर्वीप्रमाणेच.

इथे दोन गोष्टी नीट बघा. पहिली अशी की मूळ 24 मागांची तारीख मागांमुळे हललेली नाही, ट्रान्सफॉर्मरमुळे हलली आहे. "माग यायला चार महिने लागतील" एवढ्यावर विचार थांबला असता तर सगळ्यांनी एलसीच्या मागे धावपळ केली असती आणि विजेचा अर्ज जुन्याच आकड्यावर पडून राहिला असता. जुलैच्या शेवटी कधीतरी ते लक्षात आलं असतं आणि तेव्हा पाच दिवसांचे चाळीस झाले असते. कुठल्या कामाला किती मोकळीक आहे हे बघितल्याशिवाय वेळेचा परिणाम कळत नाही. पुरवठादाराचा डिलिव्हरीचा काळ आणि प्रकल्पाला होणारा उशीर या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीत दोन्ही आकडे एकच दिसले तर मोजणी झालेली नाही असं खुशाल समजा.

दुसरी गोष्ट शेवटच्या वाक्यातली. "इतर सर्व कंत्राटांच्या तारखा पूर्वीप्रमाणेच" हे लिहिणं कायद्याच्या बाजूने फार मोलाचं आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 55 नुसार, मुदत हा कराराचा गाभा असताना मालकाने उशिरा केलेलं काम स्वीकारलं आणि स्वीकारताना नुकसानभरपाईचा हक्क राखत असल्याची सूचना दिली नाही, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. त्यात मालकाच्याच इतिवृत्तात सगळ्यांना मोघम महिना दिलेला असेल तर कंत्राटातलं दंडाचं कलम कागदावरच राहतं. छतवाल्याचं बिल कापायला गेलात की तो म्हणेल, मुदत तुम्हीच वाढवली होती. त्याचं म्हणणं चूक ठरवणं अवघड जाईल.

मंजुरी: "सर्वानुमते" म्हणजे कोण?

खोलीत कोण होतं ते आठवा. व्यवस्थापकीय संचालक, वित्त प्रमुख, उत्पादन प्रमुख, सल्लागार आणि दोन-तीन ठेकेदार. ज्याचं काम वाढणार आहे त्या ठेकेदाराची संमतीही या "सर्वानुमते" मध्ये आली. त्याला मत होतं का? नव्हतं. पण कागद तसं सांगत नाही.

दुसरा अडसर अधिकाराचा. बहुतेक ठिकाणी मंजुरीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात किंवा ठरवायला हव्यात. आपल्या उदाहरणात प्रकल्प व्यवस्थापकाला 5 लाखांपर्यंत आणि तारीख हलत नसेल तरच, स्टिअरिंग कमिटीला 50 लाखांपर्यंत, त्यावर संचालक मंडळ. 3.96 कोटींना कमिटी फक्त शिफारस करू शकते. शिवाय यात कर्ज आहे. कंपनी असेल तर कंपनी कायदा, 2013 च्या कलम 179 प्रमाणे पैसे उसने घेण्याचा अधिकार संचालक मंडळाने मंडळाच्या बैठकीत ठराव करून वापरायचा असतो. म्हणजे 12 जूनला जे "मंजूर" झालं ते त्या दिवशी मंजूर झालंच नव्हतं. भागीदारी पेढी असेल तर भागीदारी करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल, पण मुद्दा बदलत नाही.

म्हणून नोंदीत मंजुरीची एकच सही नसते, चार वेगळ्या भूमिका असतात. मागणी कोणी केली: उत्पादन प्रमुख. परिणाम कोणी तपासला: प्रकल्प व्यवस्थापक, शाखावार सह्यांसह. शिफारस कोणाची: स्टिअरिंग कमिटी, 12 जून. मंजुरी कोणाची: व्यवस्थापकीय संचालक, मंडळाच्या 18 जूनच्या ठरावाने दिलेल्या अधिकारात. प्रत्येक सहीपुढे तारीख. मागणी करणाराच मंजुरी देणारा असेल तर ते त्या पानावर लगेच दिसतं.

मंजुरी सशर्त असेल तर अटही तिथेच हवी. आपल्या बाबतीत बँकेची वाढीव मंजुरी 3 जुलैपर्यंत यायला हवी, कारण 5 जुलैला एलसी उघडायची आहे आणि 10 जुलैला कोटेशन संपतं. पण ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर 20 जूनला गेली नाही तर 27 सप्टेंबर गाठता येत नाही. मग बँकेसाठी थांबायचं की नाही? नोंदीत यावर मार्ग काढला आहे. मंडळाचा ठराव झाल्यावर वीज आणि पाये मिळून 36 लाखांचं काम स्वतःच्या भांडवलातून सोडायचं, बाकीचं बँकेचं पत्र आल्यावर. बँकेने नकार दिला तरी हे 36 लाख वाया जात नाहीत, कारण पाये आणि मोठा ट्रान्सफॉर्मर पुढच्या वर्षी उपयोगी पडतातच. 3 जुलै चुकला तर खर्च आणि तारीख दोन्ही रद्द समजून बदल पुन्हा कमिटीपुढे आणायचा.

इतिवृत्तात हे सगळं "संबंधितांनी पुढील कार्यवाही करावी" या वाक्यात सामावलेलं असतं. कोणी, केव्हा आणि किती रुपयांपर्यंत, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ठेकेदाराचं व्हेरिएशनचं पत्र पुरेल का?

हा तिसरा पर्याय बरेच जण सुचवतात. ठेकेदाराला जादा कामाचं पत्र दिलं की झालं. ते लागतंच, पण ते एका कंत्राटापुरतं बोलतं. आठ मागांच्या बदलात स्थापत्य, विद्युत, ह्युमिडिफिकेशन, मागाचा पुरवठादार अशी चार पत्रं निघतील आणि एकूण 3.96 कोटी कुठल्याच पत्रात दिसणार नाहीत. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या करारनमुन्यात 13 वं कलम बदलांचं आहे. त्यात ठेकेदाराकडून कामाचं वर्णन, वेळापत्रकातला फेर आणि किमतीचा प्रस्ताव मागवण्याची पद्धत दिली आहे. तो प्रस्ताव नोंदीला जोडावा. तो नोंदीच्या जागी चालत नाही.

पत्राविना तोंडी काम करून घेतलं तर सुटका होते असंही नाही. करार अधिनियमाच्या कलम 70 प्रमाणे कुणी फुकट करण्याचा हेतू नसताना तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. तेव्हा फरक एवढाच की दर आधी ठरायचा तो नंतर भांडून ठरतो.

स्वतंत्र नोंदीची किंमत

ती फुकट नाही. आठ मागांसारख्या बदलाचा परिणाम नीट तपासायचा तर तीन-चार माणसांचे दोन-तीन दिवस जातात. महिनाभरात वीस छोटे बदल असतील आणि प्रत्येकाला चार पानी फॉर्म लावला तर माणसं फॉर्म टाळायला शिकतात, आणि काम आधी करून सह्या मागून घेतात. अशी नोंद इतिवृत्तापेक्षा वाईट, कारण ती पाहून विचार झाला असल्याचा भास होतो. ओळखायला सोपी असते. सगळ्या सह्यांची तारीख एकच. वेळेच्या रकान्यात "परिणाम नाही" आणि त्याखाली विद्युत शाखेची सही कोरी. खर्च गोल आकड्यात, बेरजेशिवाय.

म्हणून फाटकाची जागा दोन मीटर सरकवणं, शेडच्या भिंतीला वेगळा रंग, टाइल्सचा ब्रँड बदलणं, असल्या गोष्टींना इतिवृत्तातली ओळ आणि नोंदवहीत एक क्रमांक एवढंच ठेवावं. 5 लाखांच्या आत, एक ठेकेदार, तारीख तीच. मात्र क्रमांक हवाच. छोटे बदल सुटे दिसतात, पण सहा महिन्यांनी त्यांची बेरीज करायला बसलं तर क्रमांकाविना ती करता येत नाही.

आणि तातडीचं काम? पायात अचानक पाणी लागलं आणि आजच्या आज काँक्रीट बदलायचं आहे, तेव्हा पूर्ण नोंदीची वाट बघू नये. प्रकल्प व्यवस्थापकाने मर्यादेची रक्कम लिहून तात्पुरती सूचना द्यावी आणि नोंद सात दिवसांत करावी. मर्यादा नसलेली तात्पुरती सूचना देऊ नये.

दोन्ही एकत्र ठेवायचं असेल तर

इतिवृत्त आणि नोंद यांत भांडण नाही. इतिवृत्तात एवढंच लिहावं: "विषय 4. बदल क्र. 07 (8 जादा माग) संचालक मंडळाकडे शिफारस करण्याचं ठरलं. खर्च आणि वेळ नोंदीप्रमाणे." आकडे दोन ठिकाणी लिहिले की महिनाभरात ते वेगळे होतात, म्हणून आकडे फक्त नोंदीत.

नोंदीत नाकारलेले पर्यायही दोन ओळींत राहू द्यावेत. आपल्या बदलात दोन होते. एक, आत्ता काहीच करायचं नाही. नाकारला, कारण चालू शेडमध्ये नंतर पाये खोदायचे तर धूळ आणि हादऱ्यांमुळे शेजारचे माग थांबवावे लागतात. दोन, आत्ता फक्त पाये आणि वीज, माग पुढच्या वर्षी; हा पर्याय बँकेच्या नकारासाठी राखून ठेवला. डिसेंबरात कोणी नवीन संचालक विचारेल की इतकी घाई कशाला केली, तर उत्तर त्याच पानावर मिळतं.

काय वगळलं हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं. 32 मागांना ताणे पुरवायला सध्याचं सायझिंग दुसऱ्या पाळीत चालवून पुरेल असं उत्पादन प्रमुखांनी सांगितलं आणि तेवढ्यावर सायझिंगची वाढ वगळली. हे गृहीतक त्यांच्या सहीने नोंदीत आहे. ते चुकलं तर तो नवीन बदल, नवीन क्रमांक.

नोंद केव्हा बंद करायची यावर मी आग्रही आहे. मंजुरीची सही झाली म्हणून ती बंद होत नाही. चारही कंत्राटांच्या दुरुस्त्या सही होऊन परत आल्या, वेळापत्रकाची नवीन आवृत्ती 20 ऑक्टोबर आणि 22 नोव्हेंबरसह निघाली, खर्चपत्रकात 22.36 कोटी चढले आणि महावितरणच्या अर्जातली मागणी बदलली, हे चारही झाल्यावरच "बंद" लिहावं. तोवर ती प्रत्येक बैठकीत पहिल्या विषयात वाचावी. महिन्याला दोन तपासण्या पुरतात. मूळ खर्च अधिक मंजूर बदलांची बेरीज चालू खर्चपत्रकाशी जुळते का, आणि ठेकेदाराच्या आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलात, बदल क्रमांक नसलेली एखादी जादा बाब आली आहे का. आली असेल तर ती बाब बाजूला काढून बाकीचं बिल द्यावं आणि त्याच दिवशी त्या बाबीचा परिणाम तपासायला घ्यावा.